आकाशातल्या तीन चुली

पौषातल्या पहाटे बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या शिवारात हुरड्याची आगटी पेटली की तिच्या धुराकडे जरा वेळ पाहत राहावं. गोवऱ्यांचा निळसर धूर सरळ वर चढतो, लिंबाच्या शेंड्यापर्यंत जातो, आणखी थोडा वर जातो आणि मग अडखळतो. वर जायचं सोडून तो आडवा पसरायला लागतो. थोड्या वेळाने ज्वारीच्या रानावर धुराची पातळ चादर अंथरलेली दिसते. तिच्या वरचं आभाळ मात्र स्वच्छ असतं. ऊन चढून जमीन तापली की नऊ-दहाच्या सुमाराला ती चादर विरते, आणि त्याच आगटीचा धूर आता बिनबोभाट वर निघून जातो.

धुराला अडवणारं असं तिथे काही दिसत नाही. त्याला अडवते ती वरची ऊब. बालाघाटाच्या पठारावर हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडून देते आणि सगळ्यांत आधी गार पडते. तिला टेकलेली हवाही गारठते. थोड्या उंचीवरची हवा मात्र आदल्या दिवसाची ऊब अजून धरून असते. भोवतालच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलका, असेपर्यंतच धूर वर चढतो. चढता चढता तो निवतो, आणि वर आपल्याहून उबदार हवा भेटली की त्याचं हलकेपण संपतं. मग आडवं पसरण्याखेरीज त्याला वाट उरत नाही.

एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात राहिली की सगळ्या वातावरणाची रचना उलगडते. खाली गरम आणि वर गार हवा असेल, तर खालची हवा वर जाऊ शकते, घुसळण होते. खाली गार आणि वर गरम असेल, तर हवा थरावर थर रचल्यासारखी निवांत बसून राहते. नेकनूरच्या शिवारावर एका रात्रीपुरतं बसणारं हे झाकण पृथ्वीभोवती कायमचंही बसलेलं आहे, फक्त बऱ्याच उंचीवर. मराठवाड्याच्या डोक्यावर ते साधारण १६ ते १७ किलोमीटरवर भेटतं.

उंच जावं तसं गार होत जातं, हे महाबळेश्वरला जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तरी शाळेतली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे: वर गेलं म्हणजे सूर्याच्या जवळ गेलं, मग गरम का होत नाही? सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. दहा-वीस किलोमीटरने त्याच्याजवळ सरकून काहीच फरक पडत नाही, हे उत्तराचं अर्धं अंग. उरलेलं अर्धं असं, की सूर्याचा दृश्य प्रकाश हवेला फारसा तापवत नाही. तो हवेतून आरपार येतो, जमिनीत मुरतो आणि जमीन तापवतो. हवा तापते ती जमिनीमुळे. म्हणजे आपली चूल वर नाही, पायाखाली आहे, आणि चुलीपासून दूर जावं तसा गारवा वाढतो.

वातावरणात अशा तीन चुली आहेत. पहिली जमीन. दुसरी सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, ओझोनची. तिसरी १०० किलोमीटरच्या वर, विरळ झालेल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनची. प्रत्येक चुलीपासून दूर जाताना तापमान घसरतं, आणि पुढच्या चुलीच्या जवळ जाताना चढतं. खाली-वर होणाऱ्या त्या आलेखाचं सगळं मर्म एवढंच.

हे थर एकापाठोपाठ एक पार करत जाणारी वस्तू नेकनूरपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर, हैदराबादेत, हवेत सोडली जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र तिथे १९६९ पासून आहे. प्लास्टिकच्या अवाढव्य फुग्यांना उपकरणं बांधून ती ३० ते ४० किलोमीटर उंच न्यायची आणि काम झालं की रंगीत हवाई छत्रीने खाली उतरवायची, असा तिथला शिरस्ता. ही उपकरणं वाऱ्याबरोबर वाहत जाऊन विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या पट्ट्यात, केंद्रापासून २०० ते ३५० किलोमीटरवर उतरू शकतात, अशी सूचना मोहिमेच्या आधी वर्तमानपत्रांतून दिली जाते. पेटी सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा, असंही त्यात असतं.

या केंद्राच्या उड्डाणांतलं एक उड्डाण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. ते २० एप्रिल २००५ चं. पुण्याच्या आयुका या संस्थेचे डॉ. जयंत नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख होते. वरच्या हवेत जिवाणू सापडतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने हवे होते. फुग्याचं आकारमान होतं २ कोटी ६७ लाख घनफूट, म्हणजे साडेसात लाख घनमीटरहून थोडं जास्त. त्याच्याखाली ४५९ किलो वजनाचं उपकरण, आणि त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन.

निऑन कशासाठी? एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की रिकामी बाटली उघडून मिटली तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून पोलादाच्या १६ निर्जंतुक, निर्वात नळ्या उणे २४६ अंशांच्या निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. नळीचं तोंड उघडलं की आत शिरलेली हवा थंडीने गोठून भिंतीला चिकटते, नळी पुन्हा रिकामी होते आणि आणखी हवा ओढून घेते. झडप मिटली आणि नळी खाली आणून ऊब दिली की गोठलेली हवा पुन्हा वायू होते.

फुगा सोडायच्या आधी पाहिला तर पुरता भरलेला नसतोच. ४१ किलोमीटरवर दाब जमिनीवरच्या सुमारे ४०० पट कमी. तिथे साडेसात लाख घनमीटर जागा भरणारा वायू जमिनीवर, तापमानातला फरक धरून, ढोबळमानाने दोन-सव्वादोन हजार घनमीटरच असतो. त्यामुळे सोडताना फुग्याच्या शेंड्याला तेवढा एक हायड्रोजनचा गोळा दिसतो आणि बाकीचं प्लास्टिक खाली घडी मोडलेल्या लुगड्यासारखं लोंबत असतं. वर जाता जाता ते उलगडत जातं.

असे फुगे मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतात. पहिला तास पहिल्या चुलीपासून दूर जाण्यात जातो. या थराला तपांबर म्हणतात. सगळे ढग, पाऊस, वावटळी आणि विजा जवळजवळ इथेच. जमिनीवर तापलेली हवा वर चढते तेव्हा वरचा दाब कमी असल्याने फुगते. फुगताना भोवतालच्या हवेला ढकलावं लागतं, आणि ते काम ती स्वतःच्या उष्णतेतून करते. म्हणून ती निवते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं आणि ट्यूबमधून जोरात सुटणारी हवा बोटाला गार लागते, तोच हा प्रकार. कोरडी हवा वर चढताना किलोमीटरला जवळपास १० अंश निवते. हवेत बाष्प असेल आणि ढग बनायला लागला तर बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून निवण्याचा वेग मंदावतो. सगळं मिळून सरासरी घट किलोमीटरला साडेसहा अंशांच्या आसपास भरते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एप्रिलमधल्या दुपारी बीडला ३८ अंश तापमान आहे असं धरू. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटरवर आहे. त्या दिवसांत मराठवाड्यातली कोरडी हवा तीनेक किलोमीटरपर्यंत घुसळली जाते. तेवढ्या टप्प्यात १० च्या हिशेबाने ३० अंश गेले, उरले ८. पुढे साडेसहाच्या हिशेबाने आणखी सव्वा किलोमीटर गेलं की शून्य. म्हणजे खाली रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना डोक्यावर सव्वाचार किलोमीटरवर, मुंबई–पुणे अंतराच्या तीन टक्केही नसलेल्या अंतरावर, पाणी गोठतं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गारा पडतात त्या याच हिशेबाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातल्या गहू, हरभरा, ज्वारी आणि फळबागा झोडपून काढणाऱ्या गारा याच गोठणरेषेच्या वर, उभ्या ढगांत वाढल्या होत्या. मोठी गार हातात घेऊन मधोमध फोडली तर आत कांद्यासारखे दुधी आणि पारदर्शक पापुद्रे आळीपाळीने दिसतात. गारेला पाणी कमी मिळालं तेव्हा ते लगेच गोठून दुधी थर बसला, आणि भरपूर मिळालं तेव्हा सावकाश गोठून काचेसारखा.

वळवाचा असा ढग लांबून पाहिला तर त्याचं डोकं लोहाराच्या ऐरणीसारखं सपाट झालेलं दिसतं. दहा-पंधरा किलोमीटर जोराने वर उसळलेला ढग एकाएकी आडवा पसरतो. हीच ती आगटीच्या धुराची गोष्ट, फार मोठ्या मापावर. ढगाला वरचं झाकण लागलेलं असतं. शास्त्रीय मराठीत त्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. नेकनूरच्या रानातून, कुठल्याही उपकरणावाचून, वातावरणाच्या एका थराचा शेवट डोळ्यांनी दिसतो तो असा.

या झाकणाची एक गंमत म्हणजे ते उष्ण प्रदेशांवर सर्वांत उंच आणि सर्वांत थंड असतं. ध्रुवांकडे ते आठ-नऊ किलोमीटरवरच येतं आणि तिथलं तापमान उणे ५० ते ६० च्या घरात असतं. आपल्याकडे ते १६–१७ किलोमीटरवर, आणि तापमान उणे ८० च्या आसपास. जमीन अधिक तापते, घुसळण अधिक जोरकस होते, हवा अधिक उंच उचलली जाते आणि म्हणून घसरणीचा उतारही अधिक लांब चालतो. भारतीय हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वरच्या हवेच्या तापमानाचं जे चित्र मांडलं, त्यात विषुववृत्तावरचा हा थंडगार पट्टा स्पष्ट दाखवला होता. खात्याचं मुख्य कार्यालय आदल्याच वर्षी सिमल्याहून पुण्याला आलं होतं. पुणेकर त्या इमारतीला आजही सिमला ऑफिसच म्हणतात.

हैदराबादच्या फुग्यांना याच पट्ट्याने फार त्रास दिला. थंड देशांत व्यवस्थित चालणारं पॉलिथिन इथे उणे ८० ला पोचलं की त्याची लवचीकता जायची, ते काचेसारखं ठिसूळ व्हायचं आणि फुगा तडकायचा. त्यात फुग्यातला वायूही फुगताना निवतो, त्यामुळे प्लास्टिकला भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त थंडी सोसावी लागते. खाली बसलेल्यांना हे कळतं ते आकड्यांवरून: चढण्याचा वेग मंदावतो, मग दाबाचा आकडा कमी होत जायच्या ऐवजी उलटा वाढायला लागतो. एवढी थंडी सोसणारं ‘अंत्रिक्ष’ नावाचं पॉलिथिन या केंद्राने स्वतः तयार करवून घेतलं तेव्हा ही अडचण सुटली. पुढे याच जातीचं चार मायक्रॉनहूनही पातळ प्लास्टिक वापरून २०१४ साली एक छोटा फुगा ५१ किलोमीटरच्या वर गेला. आपल्या डोक्याचा केस याच्या दहापट तरी जाड असतो.

तपस्तब्धी ओलांडली की फुग्याच्या तापमापकात घसरण थांबते. काही वेळ आकडा जवळजवळ स्थिर राहतो आणि मग वर चढू लागतो. उणे ८०, उणे ७०, उणे ६०. तीस किलोमीटरवर उणे ४५ च्या आसपास, चाळिसाव्या किलोमीटरला उणे २० ते २५.

हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सगळ्यांची समजूत अशी, की वर जावं तसं तापमान घसरतच जातं, थेट अवकाशापर्यंत. फ्रान्समधले हवामानतज्ज्ञ लेओं तेसराँ द बोर पॅरिसजवळून उपकरणांचे फुगे सोडत. सुमारे ११ किलोमीटरच्या वर त्यांचा तापमापक घसरायचं थांबायचा. त्यांनी आधी दोष दिला तो उपकरणाला, आणि तो संशय योग्य होता. विरळ हवेत तापमापकाला हवेचा स्पर्श कमी होतो आणि उन्हाचा चटका मात्र पुरा बसतो. मग तो हवेचं नव्हे, स्वतःचंच तापलेलं अंग मोजत बसतो. हा दोष ओळखायचा सोपा उपाय म्हणजे रात्री मोजणं. त्यांनी फुगे रात्री सोडले. आकडा तसाच आला. दोनशेहून अधिक उड्डाणं झाल्यावर, एप्रिल १९०२ मध्ये, त्यांनी हा शोध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवला. वरच्या या निवांत, थरांनी रचलेल्या भागाला पुढे जे नाव पडलं त्याचं मराठी रूप म्हणजे स्थितांबर.

स्थितांबरातली ऊब ओझोनची. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. सूर्याचे तीव्र अतिनील किरण तो रेणू फोडतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूला जाऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन बनतो. ओझोन पुन्हा अतिनील किरण गिळतो, फुटतो, पुन्हा जुळतो. या फुटण्या-जुळण्याच्या चक्रात किरणांची ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपात हवेत उतरते. आपल्या कातडीला आणि पिकांना मारक ठरले असते असे किरण तिथेच संपतात.

इथे एक बारीक प्रश्न येतो आणि तो टाळू नये. ओझोन सर्वांत दाट असतो २० ते २५ किलोमीटरवर. मग सर्वांत गरम जागा ५० किलोमीटरवर कशी? चूल कुठे आहे हे नुसत्या सरपणावरून ठरत नाही. ५० किलोमीटरवर ओझोन थोडा असला तरी अतिनील किरण ताजे, न गाळलेले असतात. २५ किलोमीटरपर्यंत येता येता त्यांतले बरेचसे वरच गिळले गेलेले असतात. शिवाय वरची हवा कमालीची विरळ. हंडाभर पाण्याला आणि पेलाभर पाण्याला सारखाच जाळ लावला तर पेला आधी उकळणार. म्हणून थोड्या ओझोनची ऊबही तिथल्या विरळ हवेला शून्य अंशाच्या जवळपास आणून सोडते.

वर गरम आणि खाली गार, म्हणून स्थितांबरात वर-खाली घुसळण जवळजवळ नाही. मोठ्या ज्वालामुखीतली गंधकाची वाफ एकदा इथे शिरली तर तिचे सूक्ष्म थेंब वर्ष-दोन वर्षं तिथेच तरंगतात; तपांबरात असते तर पावसाने काही दिवसांत धुऊन नेले असते. नारळीकरांना कुतूहल होतं ते याच कारणाने: झाकणाच्या एवढ्या वर सूक्ष्मजीव सापडले तर ते तिथे पोचले कुठून?

ते सापडले. हैदराबादची पेशी व रेणू जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा दोन ठिकाणी नमुने स्वतंत्रपणे तपासले गेले. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या होत्या आणि त्यांत जिवाणूंच्या तीन जाती पूर्वी नोंद नसलेल्या निघाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉइली, दुसरीला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसरीला आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावं मिळाली. जमिनीवरच्या त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा या जाती अतिनील किरण अधिक सोसणाऱ्या होत्या. मात्र हे जीव पृथ्वीबाहेरून आले असा दावा त्या निष्कर्षांनी केला नाही. ते पृथ्वीवरूनच वर गेलेले असण्याची शक्यता उरतेच. उत्तर खुलं आहे, आणि प्रयोग करणाऱ्यांनी ते खुलंच ठेवलं.

४१ किलोमीटरवर फुग्याच्या खाली वातावरणातली ९९ टक्क्यांहून जास्त हवा असते. वरचं आकाश दिवसाही काळं. म्हणूनच काही कंपन्या अशाच फुग्यांतून प्रवासी नेण्याच्या तयारीत आहेत. ७ डिसेंबर २०२२ ला तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात शेतात एक भलंमोठं पांढरं यान उतरलं आणि पंचक्रोशीतली माणसं ते पाहायला लोटली. ते स्पेनच्या हॅलो स्पेस कंपनीचं, हैदराबादच्या याच बलून केंद्रातून सोडलेलं, माणसावाचूनचं चाचणी-यान होतं. कंपनीच्या नावात ‘स्पेस’ असलं तरी असा फुगा अवकाशापासून निम्म्याहून जास्त अंतर खालीच थांबतो. फुग्याला तरंगायला हवा लागते. हवा जवळजवळ संपली की त्याचा प्रवासही संपतो. पुढे अग्निबाण लागतो.

५० किलोमीटरच्या वर ओझोनची चूल मागे पडते आणि तापमान पुन्हा घसरतं. हे मध्यांबर. इथे उष्णता देणारं फारसं काही नाही, आणि कार्बन डायऑक्साइड उलट उष्णता अवकाशाकडे टाकत राहतो. खाली दाट हवेत ऊब धरून ठेवणारा हाच वायू विरळ हवेत गारवा आणतो, कारण त्याने टाकलेले अवरक्त किरण अडवायला वर कुणी उरलेलं नसतं. ८५–९० किलोमीटरला तापमान उणे ९० च्या खाली जातं. आपल्या वातावरणातली ही सर्वांत थंड जागा. आणि चमत्कारिक वाटेल, पण ध्रुवांवर उन्हाळा असताना ती आणखी थंड, उणे १३० च्याही खाली जाते, कारण त्या ऋतूत तिथली हवा वर उचलली जाते आणि फुगून निवते. रात्री शेतात खाटेवर पडून जी उल्का निखळताना दिसते ती बहुधा याच टापूत किंवा त्याच्या किंचित वर जळत असते.

मध्यांबर अभ्यासायला अवघड. फुगा पोचत नाही आणि उपग्रह एवढ्या खाली टिकत नाही. केरळात थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेला भारतातला पहिला अग्निबाण आणि नंतर १९७० पासून दर आठवड्याला उडणारे रशियन एम-१०० अग्निबाण यांनी आपल्याकडच्या वरच्या हवेची माहिती मिळवली. काही मिनिटांची वर-खाली झेप, तेवढ्यात काय मोजता येईल ते मोजायचं.

त्याच्याही वर तिसरी चूल. सूर्याचे अतितीव्र अतिनील किरण आणि क्ष-किरण ऑक्सिजन आणि नायट्रोजन स्वतः गिळतात, त्यांचे अणू सुटे होतात, काहींचे इलेक्ट्रॉन निघतात. तापमान झपाट्याने चढतं आणि सूर्य शांत आहे की खवळलेला, त्यानुसार ५०० पासून २००० अंशांपर्यंत जातं. या थराला उष्मांबर म्हणतात. पाठ्यपुस्तकातलं आयनांबर बहुतांशी याच्याच पोटात येतं.

मग तिथे गेलेला माणूस भाजत का नाही? बाजारात लोहार ऐरणीवर तापलेला फाळ ठोकत असतो तेव्हा उडालेली ठिणगी जवळ उभ्या असलेल्याच्या हातावर पडते. ठिणगी आणि फाळ दोन्ही सारखेच लाल, म्हणजे तापमान सारखंच. पण ठिणगी नुसती चुरचुरते आणि फाळ लागला तर कातडी सोलून निघते. ठिणगीत पदार्थच इतका थोडा, की द्यायला उष्णताच नाही. उष्मांबरातले कण असेच एकेकटे, फार वेगाने धावणारे. तापमान म्हणजे त्या धावण्याची तीव्रता. पण अंगावर आदळायला येणारे कण इतके थोडे की ऊब पोचतच नाही. तिथे साधा तापमापक सावलीत धरला तर स्वतःची उष्णता गमावत तो शून्याच्या कितीतरी खालचा आकडा दाखवेल. तेसराँ द बोर यांना ११ किलोमीटरवर छळणारा दोष इथे एवढा मोठा होतो, की तापमान तापमापकाने मोजताच येत नाही. ते कणांच्या वेगावरून आणि घनतेवरून काढावं लागतं.

अवकाश कुठे सुरू होतं, याचं उत्तर द्यायला यातली कुठलीच सीमा पुरत नाही, कारण हवा कुठेही तुटत नाही. नुसती विरळ होत जाते. तरी रेघ ओढावी लागते, आणि सगळ्यांत प्रसिद्ध रेघ थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाची. तिच्यामागचा विचार विमानाचा आहे. विमान हवेच्या आधाराने उडतं. हवा विरळ झाली तर तेवढाच आधार मिळवायला अधिक वेगाने जावं लागतं. वर जात राहावं तर अशी एक उंची येते, की तिथे विमानाला लागणारा वेग सेकंदाला जवळपास आठ किलोमीटर होतो. पण तेवढा वेग असेल तर पंखांची गरजच नाही; त्या वेगाने वस्तू पडता पडताच पृथ्वीला प्रदक्षिणा घालते. जिथे पंख निरुपयोगी होतात तिथे आकाश संपतं आणि अवकाश सुरू होतं.

हिशेबात ही उंची विमानाच्या आकार-वजनावर अवलंबून थोडी बदलते आणि ८० ते १०० किलोमीटरच्या मध्ये येते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने १०० हा गोल आकडा धरला आहे. अमेरिकेत ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर धरतात. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी २०१८ मध्ये जुन्या उपग्रहांच्या कक्षा तपासून दाखवलं, की काही उपग्रह ८० ते ९० किलोमीटरपर्यंत खाली उतरूनही पुन्हा वर जाऊन प्रदक्षिणा पुऱ्या करतात. म्हणून ८० चा आकडा निसर्गाला अधिक धरून आहे. पुरावा पाहता त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. हा वाद नुसता कागदावरचा नाही. आंध्रात जन्मलेल्या शिरीषा बांदला ११ जुलै २०२१ ला व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या यानातून सुमारे ८६ किलोमीटरवर जाऊन आल्या. अमेरिकेच्या मापाने त्या अवकाशात गेल्या. महासंघाच्या मापाने १४ किलोमीटर कमी पडले. नऊच दिवसांनी जेफ बेझोस यांचं यान १०० ची रेघ ओलांडून आलं आणि दोन्ही मापांत बसलं. देशांमधल्या १९६७ च्या बाह्य अवकाश करारात तर सीमेचा आकडाच नाही.

आणि रेघेच्या पलीकडेही हवा आहेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर नेऊन सोडले होते. दुसऱ्या दिवशी सौर वादळ आलं, तिसरी चूल भडकली, उष्मांबर फुगून वर आलं. त्या उंचीवरची हवा दाट झाली आणि तिच्या घासणीने ३८ उपग्रह खाली येऊन जळाले.

तिन्हीसांजेला नेकनूरच्या एखाद्या गच्चीवरून कधी कधी एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका पाच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडून जाताना दिसतो. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. खाली दिवेलागण झालेली असते, ४०० किलोमीटरवर मात्र अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतं. कुठल्याही मापाने ते अवकाशात आहे. तरीही उष्मांबराचे विरळ कण त्याच्या अंगावर आदळतच असतात. त्याने वेग कमी होतो आणि महिन्याला सुमारे दोन किलोमीटर ते खाली घसरतं. सूर्य खवळलेला असेल तर जास्त. मग इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच.